गळतीमुळे फुगलेलं पाणीबिल : मलनिःसारण आकार कुठे कमी होतो आणि तो कसा मागायचा

दोन महिन्यांचं पाणीबिल येतं आणि रक्कम नेहमीच्या सहापट असते. घरात पाहुणे नव्हते, बांधकाम नव्हतं, नळ कुठे उघडा राहिलेला नाही. अशा वेळी बहुतेक लोक कार्यालयात जाऊन एकच वाक्य म्हणतात, ‘बिल चुकलंय, दुरुस्त करून द्या.’ तिथला माणूस मीटरचं रीडिंग तपासतो, ते बरोबर निघतं, आणि विषय तिथेच संपतो.

गळतीच्या प्रकरणात बिल बहुधा चुकलेलं नसतं. मीटरमधून जेवढं पाणी गेलं तेवढंच त्याने मोजलेलं असतं. ते पाणी तुम्ही वापरलं नाही, एवढंच. त्यामुळे तुमची मागणी ‘दुरुस्ती’ची नसून ‘सवलती’ची असते आणि तिला आधार लागतो. तो आधार बिलात छापलेलाच असतो, पण बहुतेकांची नजर पाण्याच्या रकमेवर अडकते आणि त्याखालची मलनिःसारणाची ओळ सुटते.

बिलात दोन वेगळे आकार असतात

पहिला आकार पाण्याचा. तुमच्या जोडणीवरच्या मीटरने मोजलेले घनमीटर, म्हणजे हजार-हजार लिटरचे एकक, त्यावर दर लावून तो निघतो. दुसरा आकार मलनिःसारणाचा, म्हणजे तुमच्या घरातून गटारवाहिनीत जाणारं सांडपाणी वाहून नेऊन शुद्ध करण्याचा.

आता अडचण अशी की सांडपाण्याला मीटर नसतो. मैला आणि साबण वाहून नेणाऱ्या नळीत घरोघरी मीटर बसवणं व्यवहार्य नाही. म्हणून पालिका एक गृहीतक धरते : घरात जेवढं पाणी आलं, त्याचा बहुतेक भाग सांडपाणी होऊन बाहेर पडला. काही ठिकाणी पाण्याच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांनी हा आकार लावतात, तर काही ठिकाणी वापरलेल्या एककांवर स्वतंत्र दराने. झाडांना घातलेलं, सांडलेलं, वाफ झालेलं पाणी गटारात जात नाही हे लक्षात घेऊन काही यंत्रणा ८० किंवा ९० टक्केच पाणी परत आलं असं धरतात. पद्धत कुठलीही असो, मलनिःसारणाचा आकडा प्रत्यक्ष मोजमापातून आलेला नसतो. तो पाण्याच्या मीटरवरून काढलेला अंदाज असतो.

साध्या दिवसांत हा अंदाज ठीक चालतो. पण मीटर आणि घर यांच्यामधली जमिनीतली नळी फुटली, तर मीटरमधून गेलेलं पाणी मातीत मुरतं. ते गटारात पोचतच नाही. तरीही बिलाच्या हिशेबात त्या पाण्याचं सांडपाणी झालेलं असतं आणि तुम्हाला त्याचे पैसे लागतात. तुमची सगळ्यात भक्कम मागणी इथे उभी राहते. पाणी शुद्ध करून, दाबाने तुमच्यापर्यंत आणलं गेलं, त्याचा खर्च यंत्रणेला खरोखर आला. पण त्या पाण्याचं सांडपाणी उचलण्याचा खर्च कोणालाही आलेला नाही.

यातून एक महत्त्वाचा फरक निघतो. गळालेलं पाणी कुठे गेलं, यावर तुमची मागणी ठरते. जमिनीत मुरलं तर मलनिःसारण आकार मागे घेण्याची मागणी रास्त आहे. पण फ्लशच्या टाकीतला रबरी पडदा झिजून पाणी रात्रंदिवस भांड्यात झिरपत असेल, तर ते सगळं पाणी गटारातच गेलं. तिथे मलनिःसारणाच्या सवलतीचा आग्रह धरणं बरोबर नाही आणि टिकतही नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल, तर ते पाणी पावसाच्या नळीतून गेलं की सांडपाण्याच्या, हे पाहावं लागतं. आणि तुमच्याकडे मलनिःसारण आकार मिळकतीच्या मूल्यावर किंवा ठरावीक रकमेने लावत असतील, तर गळतीने तो वाढलेलाच नसतो. तेव्हा कमी करून मागण्यासारखं तिथे काही नाही. म्हणून आधी बिल हातात घ्या, मागचं एक बिल शेजारी ठेवा आणि ही ओळ पाण्याच्या ओळीबरोबर वाढली आहे का ते बघा.

वापर तिप्पट, बिल सहापट कसं?

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून पैशांऐवजी ‘भाग’ धरू. समजा, पहिल्या २० एककांना प्रत्येकी १ भाग, २१ ते ४० पर्यंत प्रत्येकी २ भाग आणि ४० च्या वर प्रत्येकी ४ भाग असा टप्प्यांचा दर आहे. मलनिःसारण आकार पाण्याच्या रकमेच्या ६० टक्के आहे. बिल दोन महिन्यांनी येतं.

चार माणसांचं घर, रोज सुमारे ५०० लिटर वापर, म्हणजे ६० दिवसांत ३० एकक. पाण्याचे २० अधिक २० असे ४० भाग, मलनिःसारणाचे २४, एकूण ६४ भाग. हे नेहमीचं बिल.

आता मीटरनंतरच्या जमिनीतल्या नळीला एक बारीक छिद्र पडलं. दीड मिलिमीटरच्या छिद्रातून, दहा मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब असताना, मिनिटाला जवळपास एक लिटर पाणी जातं. ऐकायला हे फार वाटत नाही. पण नळ माणूस बंद करतो, गळती मात्र थांबत नाही. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. या चार जणांच्या घराचा जेवढा वापर, त्याच्या जवळपास तिप्पट पाणी एकटं ते छिद्र पितं. रीडिंगच्या ४० दिवस आधी गळती सुरू झाली असेल, तर ५८ एकक जास्तीचे. मीटर दाखवेल ८८.

८८ एककांचं बिल असं होतं : पहिल्या २० चे २० भाग, पुढच्या २० चे ४० आणि उरलेल्या ४८ चे १९२. पाण्याचे एकूण २५२ भाग. त्यावर ६० टक्के मलनिःसारण, १५१. एकूण ४०३ भाग. वापर तिपटीच्याही आत, पण बिल सहापटीहून जास्त. कारण गळतीचे जवळपास सगळे एकक सर्वांत महागड्या टप्प्यात पडले, आणि मलनिःसारणाने तीच वाढ पुन्हा एकदा मोजली.

टप्प्यांचा हा दर उधळपट्टी करणाऱ्याला चाप बसावा म्हणून असतो. जमिनीखाली फुटलेल्या नळीला चाप लावून ती काही पाणी वाचवणार नाही. अर्जात हा मुद्दा मांडायला हरकत नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला मुद्दा मलनिःसारणाचाच.

गळती आहे हे आधी सिद्ध करा

बिल वाढलं म्हणजे गळतीच असेल असं नाही. बिलावर मागचं आणि आताचं रीडिंग छापलेलं असतं. आधीची एक-दोन बिलं ‘सरासरी’वर निघाली असतील, म्हणजे मीटर न वाचता अंदाजाने, तर आताचं मोठं बिल ही साचलेली वसुली असू शकते. त्यात मागायची गोष्ट वेगळी असते : तो वापर जितक्या महिन्यांचा आहे तितक्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा हिशेब पुन्हा करा. बिलावरचा मीटर क्रमांक तुमच्याच मीटरचा आहे ना, आणि आताचं रीडिंग प्रत्यक्ष मीटरवर दिसणाऱ्या आकड्याच्या पुढे तर गेलेलं नाही ना, हेही दोन मिनिटांत कळतं.

हे सगळं बरोबर असेल तर मीटरकडे वळा. बहुतेक मीटरवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे किंवा छोटे काटे लिटर. शिवाय बऱ्याच मीटरवर एक लहानसं चाक किंवा त्रिकोण असतो, जो अगदी थोडं पाणी गेलं तरी फिरतो. घरातले सगळे नळ बंद करा, कपडे धुण्याचं यंत्र बंद करा, फ्लश भरून संपू द्या. टाकी असेल तर ती काठोकाठ भरून आतला तरंगता गोळा पाणी बंद करेपर्यंत थांबा. मग मीटर बघा. चाक फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय.

जिथे पाणी ठरावीक तासच येतं तिथे ही तपासणी पाणी येण्याच्या वेळेतच करावी लागते. नळीत दाब नसताना मीटर स्थिर दिसेल आणि गळती नाही असा खोटा दिलासा मिळेल.

कुठे गळतंय हे शोधायला एक व्हॉल्व्ह पुरतो. टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद करा. मीटर तरीही फिरत असेल, तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या नळीत आहे. मीटर थांबला, तर दोष टाकीत किंवा टाकीच्या पुढे आहे. टाकीचा संशय असेल तर रात्री तिच्यात येणारी आणि तिच्यातून जाणारी सगळी तोंडं बंद करा, पाण्याच्या पातळीवर भिंतीला खूण करा, आणि सकाळी पातळी किती उतरली ते मोजा. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद टाकीत एक सेंटीमीटर उतार म्हणजे ३० लिटर. फ्लशच्या टाकीचा संशय असेल तर तिच्यात थोडा खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. रंग भांड्यात उतरला तर पडदा झिजलाय.

जमिनीतली गळती वर दिसेलच असं नाही. माती भुसभुशीत असेल किंवा खाली खडी भरलेली असेल, तर पाणी सरळ खाली जातं आणि फरशी कोरडीच राहते. भिंतीच्या पायथ्याला ओल, एकाच पट्ट्यात वाढलेलं गवत, रात्री शांततेत नळीला कान लावल्यावर येणारा सूं-सूं आवाज, नळाचा कमी झालेला दाब या खुणा शोधाव्यात. प्लंबरकडे आवाज ऐकण्याचं साधन असेल तर उत्तमच, कारण मग फरशी एकाच जागी फोडावी लागते.

मीटरच्या आधीच्या नळीतली गळती तुमच्या बिलात येत नाही. मीटर शांत असतानाही अंगणात पाणी उगवत असेल तर ती तक्रार नोंदवा, पण ती या बिलाशी जोडू नका.

दुरुस्तीच्या आधीचा एक तास

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुरावा बहुतेक लोक घाईत गमावतात. गळती सापडली की प्लंबर लगेच नळी बदलतो, खड्डा बुजतो आणि अर्जदाराच्या हातात फक्त प्लंबरची पावती उरते. त्या पावतीवरून गळती होती एवढं कळतं. ती किती होती, हे कळत नाही.

म्हणून दुरुस्तीच्या आधी एकदा तासभर सगळे नळ बंद ठेवा. सुरुवातीला मीटरचा फोटो काढा, लाल आकड्यांसकट. तासाभराने दुसरा फोटो काढा. फोनमधल्या फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते. आपल्या उदाहरणात या तासात ६० लिटर गेलेले दिसतील. मिनिटाला एक लिटर हा आकडा आता अंदाज राहिला नाही, तो मोजलेला आहे. यासाठी गळती आणखी काही दिवस चालू ठेवायची मुळीच गरज नाही. एक तास पुरतो, आणि नंतर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून लागेल तेव्हाच पाणी घ्या.

हा आकडा पुढे फार कामाला येतो. जास्तीचे ५८ एकक म्हणजे ५८,००० लिटर. रोजच्या १,४४० लिटरने भागले की ४० दिवस येतात. म्हणजे गळती रीडिंगच्या सुमारे ४० दिवस आधी सुरू झाली असं म्हणता येतं, आणि ते बिलाच्या ६० दिवसांत बसतं. हिशेब असा जुळला की समोरच्या अधिकाऱ्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, तो स्वतः आकडे करून बघू शकतो. उलट भागाकार १०० दिवस आला आणि बिल ६० दिवसांचंच असेल, तर गळती एवढी वाढ एकटी घडवू शकत नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि ते आधी शोधायला हवं.

या हिशेबाची एक मर्यादा आहे. छिद्र दिवसागणिक मोठं होतं आणि शेवटी मोजलेला वेग सर्वांत जास्त असतो. सुरुवातीला गळती कमी असणार, त्यामुळे प्रत्यक्षात ती ४० पेक्षा जास्त दिवस चालू असू शकते. दाबही दिवसभर एकसारखा नसतो, रात्री वापर कमी असताना तो वाढतो. म्हणून अर्जात ‘सुमारे’ हा शब्द लिहा.

खड्डा बुजवण्याआधी फुटलेल्या नळीचा जागेवरच फोटो घ्या, आणि काढलेला तुकडा टाकून देऊ नका. प्लंबरच्या पावतीवर नुसतं ‘दुरुस्ती’ असं नको. नळी कोणत्या जागी फुटली होती, जमिनीखाली किती खोल, काय बदललं आणि कोणत्या तारखेला, हे त्याच्याकडून लिहून घ्या. दुरुस्तीनंतर पुन्हा तासभर सगळं बंद ठेवून मीटर स्थिर असल्याचे दोन फोटो काढा. मग पुढचे दोन आठवडे रोज एकाच वेळी रीडिंग लिहून ठेवा. वापर पुन्हा दिवसाला अर्ध्या एककावर आला, हे त्यातून दिसेल. अनेक यंत्रणा दुरुस्तीनंतरचं एक नेहमीसारखं रीडिंग आल्याशिवाय अर्जाचा विचारच करत नाहीत, त्यामुळे ही वही उपयोगी पडते.

एक गळती, दोन बिलं

इथे अनेकांचं नुकसान होतं. रीडिंग घेतलं त्या दिवशी गळती थांबलेली नसते. समजा, रीडिंगनंतर बिल हातात यायला १२ दिवस लागले आणि नळी बदलायला आणखी ५. त्या १७ दिवसांत आणखी २४ एकक गेले, आणि ते पुढच्या बिलात येणार. पुढचं बिल ३० ऐवजी ५४ एककांचं निघेल, म्हणजे आपल्या दराने ६४ च्या जागी सुमारे १८६ भाग. पहिल्याच बिलावर अर्ज करून सवलत घेतली आणि त्या यंत्रणेचा नियम ‘ठरावीक वर्षांत एकदाच सवलत’ असा असेल, तर दुसऱ्या बिलाचा बोजा तुमच्यावरच राहतो.

म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की गळती दोन बिलांच्या काळात पसरलेली आहे आणि सवलत दोन्ही बिलांवर एकत्र, एकाच घटनेसाठी मागत आहोत. अर्ज मात्र लगेच द्या, कारण बऱ्याच ठिकाणी दुरुस्तीनंतर किंवा बिलाच्या तारखेनंतर ठरावीक दिवसांतच तो स्वीकारतात. पुढचं बिल आलं की त्याची प्रत त्याच अर्जाच्या क्रमांकाला जोडून द्यायची.

नेमकं काय मागायचं

‘योग्य ती सवलत मिळावी’ असं लिहिलं की समोरच्यालाच सगळं ठरवावं लागतं, आणि जे ठरवायला सोपं नाही ते फाइलमध्ये पडून राहतं. आपण हिशेब करून द्यावा. आपल्या उदाहरणात तीन शक्यता आहेत.

पहिली, फक्त मलनिःसारणाची : नेहमीच्या ३० एककांवरचे २४ भाग घ्या, गळतीवरचे सोडा. पाण्याचे २५२ तसेच राहतील. एकूण २७६. एवढ्यानेच ४०३ मधले १२७ कमी झाले, आणि यात यंत्रणेला प्रत्यक्ष खर्च काहीच सोसावा लागला नाही. माझ्या मते जमिनीतल्या गळतीत ही मागणी नाकारण्याला रास्त कारण नसतं, दुरुस्तीचा पुरावा असेल तर.

दुसरी, त्याबरोबर निम्म्या गळतीची माफी : ५८ पैकी २९ एकक सोडून ५९ एककांवर पाण्याचं बिल. २० अधिक ४० अधिक ७६, म्हणजे १३६, आणि मलनिःसारणाचे २४ धरून १६०.

तिसरी, गळतीचे सगळे एकक तुम्ही भरायचे, पण सर्वांत खालच्या दराने : नेहमीचे ४० भाग, गळतीचे ५८, मलनिःसारणाचे २४, एकूण १२२. ही मला सर्वांत तर्कशुद्ध वाटते. पाणी गेलं आहे, त्याची मूळ किंमत भरायला तुम्ही तयार आहात, फक्त उधळपट्टीसाठी असलेला दर आणि न झालेल्या सांडपाण्याचा आकार नको आहे. मीटरनंतरची नळी सांभाळण्याची जबाबदारी ग्राहकाची असते, आणि ती मान्य करून मागणी केली की चर्चा वेगळ्या सुरात होते.

कोणता पर्याय मिळेल ते तिथल्या नियमांवर अवलंबून आहे. म्हणून अर्जाआधी ‘गळती सवलतीचा नियम किंवा ठराव कोणता, त्याची प्रत द्या’ असं विचारा. नियमात तिन्ही पर्याय नसतील, पण मलनिःसारणाचा एक तरी बऱ्याचदा असतो.

नेहमीचा वापर म्हणजे किती, हेही तुम्हीच दाखवा. नुसतं मागचं एक बिल धरू नका. गेल्या वर्षीचा हाच काळ आणि त्यानंतरची बिलं यांची सरासरी काढा, म्हणजे ऋतूप्रमाणे होणारा फरक झाकला जात नाही.

अर्ज एका पानात बसावा. त्याचा गाभा असा :

‘जोडणी क्रमांक अमुक. दिनांक अमुक ते अमुक या काळाचं बिल ८८ एककांचं आलं आहे. याआधीच्या सहा बिलांची सरासरी ३० एकक आहे. मीटर आणि टाकी यांच्यामधली जमिनीखालची नळी फुटल्याने ही वाढ झाली. सर्व नळ बंद असताना तासाला ६० लिटर गळती मोजली, फोटो जोडले आहेत. अमुक तारखेला नळी बदलली, पावती व फोटो जोडले आहेत. दुरुस्तीनंतर मीटर स्थिर आहे, रोजच्या रीडिंगची नोंद जोडली आहे. गळालेलं पाणी जमिनीत मुरलं असून मलवाहिनीत गेलेलं नाही. म्हणून अंदाजे ५८ एककांवरचा मलनिःसारण आकार रद्द करावा आणि त्या एककांवर पाण्याचा दर पहिल्या टप्प्याचा लावावा. गळतीचा उरलेला भाग पुढच्या बिलात येईल, त्यालाही हीच विनंती लागू करावी. निर्णय होईपर्यंत नेहमीच्या वापराएवढी रक्कम भरत आहे. वादातील रकमेवर विलंब आकार लावू नये व जोडणी तोडू नये.’

यात ‘मीटर सदोष असावा’ असं वाक्य नको. गळती होती असंही म्हणायचं आणि मीटरही खोटा आहे असंही, तर दोन्ही मुद्दे एकमेकांना कापतात. गळती कुठेच सापडली नाही, सगळं बंद असताना मीटर स्थिर आहे आणि तरी वापर फुगलेला दिसतो, तेव्हा मीटर तपासणीचा वेगळा अर्ज करावा. त्याला बहुधा शुल्क असतं, आणि मीटर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेगाने धावतो असं निघालं तर ते बऱ्याच ठिकाणी परत मिळतं.

अर्जातली शेवटची दोन वाक्यं सोडू नका. नेहमीची रक्कम भरल्याने तुमची बाजू बळकट होते, पण ती ‘हरकत राखून’ भरल्याचं लिहून पोच घ्या. ऑनलाइन भरताना पूर्ण रकमेशिवाय पर्याय मिळत नसेल, तर कार्यालयात जाऊन कमी रक्कम स्वीकारण्याची लेखी परवानगी मागा, किंवा हप्ते पाडून मागा. काहीच न भरता निर्णयाची वाट पाहत बसलात तर विलंब आकार चढत राहतो आणि पुढे तोच वेगळा वाद होऊन बसतो.

नकार कशावर येतो

आधीच्या बिलातही वाढ दिसत होती आणि तुम्ही काही केलं नाही, असं दिसलं तर नकाराची शक्यता मोठी. लपलेली गळती आणि दुर्लक्षित गळती यांत यंत्रणा फरक करतात. उघडा राहिलेला नळ, बागेची नळी, गोठा किंवा तलाव भरणं हे गळतीत धरत नाहीत. टपकणारा नळ आणि झिरपणारा फ्लशही अनेक ठिकाणी बाहेर ठेवतात, कारण ते घरातल्या माणसाला दिसायला हवे होते. नकार आला तर तो तोंडी घेऊ नका. कोणत्या नियमाखाली नाकारलं ते लेखी मागा. मलनिःसारणाची मागणी त्यात वेगळी तपासली की नाही, हेही विचारा. पुष्कळदा नकार पाण्याच्या सवलतीला दिलेला असतो आणि मलनिःसारणाकडे कोणी पाहिलेलंच नसतं. तेवढ्याच मुद्द्यावर वरच्या अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो.

सवलत मंजूर झाली तरी दोन गोष्टी तपासायच्या राहतात. पुढच्या बिलात जुनी रक्कम ‘थकबाकी’ म्हणून परत आली आहे का आणि तिच्यावर लागलेला विलंब आकार काढला आहे का, हे बघा. मंजुरीचा आदेश एका टेबलावर निघतो आणि बिलाची नोंद दुसरीकडे होते, त्यामुळे हे राहून जाणं सहज घडतं. दुसरी गोष्ट सरासरीची. पुढे कधी मीटर बंद पडला किंवा वाचता आला नाही, तर मागच्या बिलांच्या सरासरीवर आकारणी होते, आणि त्या सरासरीत ८८ आणि ५४ हे आकडे बसले असतील तर गळती थांबून वर्ष झालं तरी तिचं बिल येत राहील. म्हणून मंजुरीच्या वेळीच एक ओळ जास्त मागून घ्या : हा काळ सरासरी काढताना वगळावा.